बुडालेले पाठ आणि पूर्ण भरलेल्या वह्या

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी सहावीत शिकते. घरातील एका कारणामुळे आम्हा सर्वांना सत्र चालू असतानाच सहा आठवडे परदेशी जावे लागणार आहे आणि तारखा बदलणे शक्य नाही. वर्गशिक्षिकांना द्यायची चिठ्ठी लिहायला बसले, ‘तिचा बुडणारा अभ्यास कसा भरून काढता येईल ते कृपया कळवावे’ एवढे एक वाक्य लिहिले आणि तिथेच अडले. सगळी पुस्तके सोबत न्यावीत, तिथून ऑनलाइन वर्गाला बसवावे, की परतल्यावर मैत्रिणींच्या वह्या आणून उतरवून घ्याव्यात? एरवी ती अभ्यासात बरी आहे, गणितात मात्र अडखळते.
– एक आई

सप्रेम नमस्कार.

ज्या वाक्यापाशी तुम्ही थांबलात, त्याच वाक्यापासून सुरुवात करते. अशा चिठ्ठ्या मी वर्गशिक्षिका म्हणून अनेक वर्षे वाचल्या आहेत आणि त्यांना मी बहुतेक वेळा ‘पुस्तक वाचून घ्या, आल्यावर वह्या पूर्ण करा’ असेच उत्तर दिले आहे. त्यात अनास्था नव्हती. प्रश्नच इतका मोठा असे, की सात-आठ विषयांचे सहा आठवडे एका चिठ्ठीत मावतील असे दुसरे उत्तर सुचत नसे. तुमच्या चिठ्ठीत उत्तर देता येईल असा नेमका प्रश्न असायला हवा, आणि तो विचारण्यासाठी आधी हे ठरवावे लागेल की बुडणाऱ्या पाठांपैकी कोणते खरोखर भरून काढावे लागतात.

शाळेतील पाठ दोन प्रकारचे असतात. काही पाठ जिन्याच्या पायऱ्यांसारखे असतात. मधली पायरी नसेल तर वरच्या पायरीवर पाय ठेवता येत नाही. गणित जवळजवळ सगळे असेच असते. नव्याने शिकत असलेल्या भाषेचे व्याकरणही बरेचसे असेच असते, कारण क्रियापदाची रूपे आली नसतील तर पुढच्या पाठातील वाक्येच उलगडत नाहीत. दुसऱ्या प्रकारचे पाठ एका ओळीत बांधलेल्या खोल्यांसारखे असतात. एका खोलीत गेले नाही म्हणून पुढची बंद होत नाही. इतिहासातील एखादे प्रकरण, भूगोलातील एखादा प्रदेश किंवा भाषेच्या पुस्तकातील एखादी कविता परतल्यावर दोन दुपारींत वाचून होते आणि तोवर ती न वाचल्यामुळे पुढचे काही अडत नाही. विज्ञान या दोहोंच्या मधे येते. प्रकरणे बरीचशी सुटी असतात, पण वर्गात केलेला प्रयोग पुस्तक वाचून हाती लागत नाही, म्हणून त्या काळात कोणते प्रयोग झाले एवढे विचारून ठेवावे आणि जमल्यास एखादा पुन्हा करू द्यावा अशी विनंती करावी.

सहलीत सोबत न्यायचे ते फक्त पायऱ्यांचे पाठ. तुमच्या मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ गणित. त्याखेरीज तिला आवडेल असे वाचनाचे एखादे पुस्तक असावे आणि नवी भाषा शिकत असेल तर त्या भाषेचे रोज पाच-दहा मिनिटे मोठ्याने वाचन व्हावे. बाकीची पुस्तके घरी ठेवा. सगळी नेली तर पहिल्या आठवड्यात प्रत्येक पुस्तकाची चार पाने होतात, दुसऱ्या आठवड्यात कशाचेच काही होत नाही, आणि उरलेले चार आठवडे अपराधी वाटण्यात जातात.

वह्या उतरवून घेण्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या वर्गातील एक मुलगी अशीच पाच आठवडे बाहेरगावी होती. परतल्यावर मी तिला सर्व वह्या पूर्ण करायला सांगितले, आणि तिने तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून सुंदर अक्षरात त्या पूर्ण केल्या. मी तपासल्या, सही केली आणि विषय संपला असे समजले. पुढच्या घटकचाचणीत, तिच्याच वहीत सोडवलेले होते तसेच एक उदाहरण आले, केवळ अंक बदलून, आणि ते तिला सुरूसुद्धा करता आले नाही. तिने ते उदाहरण लिहिले होते, सोडवले नव्हते. उतरवताना डोळे आणि हात काम करतात. पुढची ओळ काय असेल हे स्वतःला विचारण्याची वेळच येत नाही, कारण ती ओळ समोर लिहिलेली असते. त्यातच तिच्या संध्याकाळी गेल्या, आणि त्या तीन आठवड्यांत वर्गात शिकवलेलेही कच्चे राहिले. म्हणून वही उतरवण्याऐवजी मैत्रिणीच्या वहीतील गणिताच्या पानांची छायाचित्रे घ्या, उत्तरे झाका आणि केवळ उदाहरणे सोडवायला द्या. जे सुटले ते पुन्हा लिहायची गरज नाही. जे अडले तेवढेच शिकवायचे. इतर विषयांत पाठ एकदा वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे पुस्तक मिटून तोंडी सांगता आली, तर तो पाठ भरून निघाला असे खुशाल समजा.

आता गणिताचे उदाहरण घेऊन सगळी रीत सांगते. तुम्ही जात आहात त्या सहा आठवड्यांत वर्गात अपूर्णांक शिकवले जातील असे धरू. सहावीच्या वयात हाच भाग सर्वांत जास्त पायऱ्यांचा असतो आणि इथे चुकलेली पायरी पुढे दशांश अपूर्णांक, शतमान आणि बीजगणितापर्यंत त्रास देते. तुमच्याकडे वेगळा भाग असला तरी क्रम हाच राहील.

निघण्यापूर्वी, निदान दहा दिवस आधी, तिला तीन छोटे प्रश्न द्या. ४ आणि ६ यांचा लसावि किती? २/३ बरोबर किती छेद १२? आणि ३/५ व ३/७ यांपैकी मोठा कोणता, आणि का? दहा मिनिटांचे हे काम आहे, पण ते खूप काही सांगते. पहिला प्रश्न अडला तर तिचे पाढे आणि विभाज्य कच्चे आहेत. तर दहा दिवस तेवढेच करा. दुसरा अडला तर सममूल्य अपूर्णांक समजलेले नाहीत, आणि ते समजल्याशिवाय भिन्न छेदांची बेरीज ही तिच्यासाठी केवळ पाठ करायची कृती ठरेल. तिसऱ्या प्रश्नात ‘का’ याचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘३/७ मोठा, कारण ७ मोठे’ असे ती म्हणाली, तर ती अपूर्णांकाकडे अजून दोन सुट्या पूर्ण संख्या म्हणून पाहते आहे. गणितात अडखळणाऱ्या मुलांमध्ये हे फार आढळते, आणि वर्गात ते लक्षात येत नाही, कारण वर्गात ‘का’ विचारायला वेळ मिळत नाही.

सहलीतील काम आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वेळी अर्धा तास, एवढेच ठेवा. सहा आठवड्यांचे मिळून ते बारा तास होतात. वर्गात आठवड्याला चाळीस मिनिटांच्या पाच तासिका धरल्या तर याच काळात वीस तास होतील. पण त्या वीस तासांत हजेरी, फळ्यावरून उतरवणे, वह्या तपासणे आणि इतरांच्या शंका हे सगळे असते. एका मुलीशेजारी बसून केलेले बारा तास त्यांना पुरून उरतात. अट एकच, की हे तास विखुरलेले असावेत. प्रवासाच्या गडबडीत आठवडाभर काही न करता रविवारी सलग दोन तास बसवण्याचा मोह होतो. तो टाळा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करताना एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले, असे त्यांना आढळले. अपूर्णांक निरर्थक अक्षरे नव्हेत हे खरे, पण उदाहरणांच्या सरावालाही अंतर मानवते, हा माझा वर्गातील अनुभव आहे.

त्या अर्ध्या तासाची पहिली दहा मिनिटे मागच्या वेळच्या दोन-तीन उदाहरणांना द्या, वही न उघडता. पुढची दहा-बारा मिनिटे नवे काही, आणि उरलेल्या वेळात तिने एकटीने सोडवायची दोन उदाहरणे. पहिली दहा मिनिटे वाया गेली असे वाटले तरी ती सोडू नका. मागचे आठवायला लावणे हाच त्या बैठकीचा सर्वांत उपयोगी भाग असतो.

नवे काही शिकवताना बारा सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी वापरा. ती कुठेही कापता येते. १/२ + १/३ हे उदाहरण द्या आणि आधी काहीच सांगू नका. ती बहुधा वरचे वर, खालचे खाली मिळवून २/५ लिहील. लगेच चूक म्हणू नका. पट्टीचा अर्धा भाग मोजायला सांगा, तो सहा सेंटिमीटर. एक तृतीयांश भाग मोजायला सांगा, तो चार सेंटिमीटर. दोन्ही एकापुढे एक ठेवले की दहा सेंटिमीटर होतात, म्हणजे बारापैकी दहा, १०/१२, अर्थात ५/६. आता २/५ म्हणजे पट्टीचा किती भाग हे विचारा. बाराचे दोन पंचमांश पाच सेंटिमीटरही भरत नाहीत. म्हणजे अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान आले. ही विसंगती तिने स्वतः पाहिली की छेद का मिळवायचे नाहीत हे सांगावे लागत नाही. त्यानंतर ३/४ + १/६ घ्या. पट्टीवर नऊ आणि दोन, एकूण अकरा सेंटिमीटर; कागदावर ९/१२ + २/१२ = ११/१२. तीन-चार उदाहरणे पट्टीवर आणि कागदावर बरोबरीने झाली की पट्टी बाजूला ठेवा, पण प्रत्येक उत्तरानंतर ‘हे अर्ध्याहून जास्त असायला हवे की कमी’ हा प्रश्न विचारत राहा.

इथे एक अडचण हमखास येते. आपण लहानपणी शिकलेली रीत आणि वर्गात शिकवली जाणारी रीत वेगळी असू शकते. तुम्ही कदाचित दोन्ही छेदांचा गुणाकार करायला शिकला असाल; ३/४ + १/६ मध्ये मग १८/२४ + ४/२४ = २२/२४ येते आणि शेवटी संक्षिप्त रूप दिल्यावर ११/१२ हेच मिळते. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण वर्गात लसावि काढून छेद समान करत असतील आणि ती वेगळे काही शिकून परतली, तर फळ्यावरची पहिलीच ओळ तिला परकी वाटेल, आणि आधीच अडखळणारी मुलगी आपलेच चुकले असे समजून गप्प बसेल. म्हणून निघण्याआधी शिक्षिकांकडून त्यांच्या रीतीने सोडवलेले एक-एक उदाहरण मागून घ्या. माझ्या मते तुमच्या चिठ्ठीतील ही सर्वांत मोलाची मागणी असेल.

ऑनलाइन वर्गाला बसवण्याचा विचार मी सोडून द्यायला सांगेन. शाळेची तशी व्यवस्था नसेल तर एका मुलीसाठी वर्गात फोन उभा करून ठेवावा लागतो. त्यात इतर मुले टिपली जातात, फळा नीट दिसत नाही, शिक्षिकांचे लक्ष विभागते, आणि वेळेत पाच-सहा तासांचा फरक असेल तर तुमची मुलगी पहाटे किंवा रात्री अर्धवट झोपेत बसते. शाळेने स्वतःहून रेकॉर्ड केलेले पाठ दिले तर ते जरूर घ्या, पण तेही फक्त गणिताचे.

चिठ्ठी आता साधारण अशी लिहिता येईल:

‘आदरणीय बाई, कौटुंबिक कारणामुळे आम्ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत परदेशी जात आहोत. या काळातील रजेचा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे स्वतंत्रपणे दिला आहे. रजेमुळे आपल्यावर कामाचा जादा भार पडू नये अशी आमची इच्छा आहे, म्हणून केवळ तीन गोष्टींची विनंती करते. या सहा आठवड्यांत गणिताचे कोणते घटक घेण्याचे आपण योजले आहे, त्यांची नावे कळवावीत. त्या प्रत्येक घटकातील आपल्या रीतीने सोडवलेले एक उदाहरण, हाताने लिहिलेले असले तरी चालेल, मिळाले तर घरी त्याच पद्धतीने सराव करून घेता येईल. आणि परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात आपल्या सोयीने दहा मिनिटे तिची तोंडी चाचणी घेऊन काय राहिले आहे ते सांगावे. इतर विषयांचे वाचन परतल्यावर घरी करून घेण्याची जबाबदारी आमची राहील. या काळात होणारी चाचणी किंवा प्रकल्प असल्यास त्याविषयी शाळेचा नियम काय आहे, तेही कृपया कळवावे.’

ही चिठ्ठी निघण्यापूर्वी तीन आठवडे तरी द्या. आदल्या आठवड्यात दिली तर शिक्षिकांना घटकांची नावे लिहून देण्यापलीकडे काही करता येत नाही. मुख्याध्यापकांकडचा अर्ज वेगळा ठेवण्याचे कारण असे, की इतक्या सलग रजेला परवानगी देणे बहुधा वर्गशिक्षिकांच्या हाती नसते. काही ठिकाणी ठरावीक दिवसांहून अधिक गैरहजेरीचा परिणाम हजेरीच्या टक्केवारीवर किंवा परीक्षेला बसण्यावर होतो, म्हणून परवानगी लेखी घ्या. चुकलेल्या चाचणीचे गुण कसे धरले जातील हेही त्यातच विचारा; फेरचाचणी होणार असेल तर ती परतल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नको, अशी विनंती आताच करून ठेवा.

ही विनंती झोपेसाठी आहे. वेळेच्या फरकाशी शरीराचे जुळणे साधारण दिवसाला एक तास या गतीने होते आणि पूर्वेकडे प्रवास केल्यावर ते अधिक कठीण जाते. पाच तासांचा फरक असेल तर शाळेच्या आधी चार-पाच दिवस मोकळे राहतील असा परतीचा प्रवास ठेवता आला तर उत्तम. जमत नसेल तर पहिल्या आठवड्यात घरी कोणताही जादा अभ्यास लावू नका. वर्गात जे चालू आहे तेवढेच तिने नीट ऐकावे. मागचे भरून काढण्याच्या नादात चालू पाठ निसटला, तर मागे राहण्याचे अंतर परतल्यानंतरही वाढत जाते.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज वीस मिनिटे मैत्रिणीच्या वहीतील झाकलेली उदाहरणे घ्या, आणि शनिवार-रविवारी इतर विषयांचा एकेक राहिलेला पाठ. इतिहास-भूगोलाचे सगळे पाठ पंधरा दिवसांत संपवायचा आग्रह धरू नका. ते पुढच्या परीक्षेच्या आधी झाले तरी पुरेसे आहे. वर्गातला गटप्रकल्प, चर्चा, स्नेहसंमेलनाच्या तालमी असे काही हुकले असेल तर ते हुकले, त्याची घरी नक्कल करण्यात अर्थ नाही. मुलीला त्याचे वाईट वाटेल, आणि ते वाटू द्यावे.

गणितात खरोखर काही उरले आहे का, हे ओळखायला एक खूण सांगते. वर्ग तोवर अपूर्णांकांच्या गुणाकारापर्यंत पोहोचलेला असेल. तिला १/२ × १/३ सोडवायला द्या. जिने बेरजेची रीत केवळ पाठ केली आहे ती मुलगी इथेही आधी छेद समान करते, ३/६ × २/६ असे लिहिते, बेरजेतल्या सवयीने छेद तसाच ठेवते आणि ६/६ म्हणजे १ असे उत्तर देते. असे झाले तर गुणाकार शिकवू नका. पुन्हा ती बारा सेंटिमीटरची पट्टी घ्या, तिचा तिसरा हिस्सा चार सेंटिमीटर, त्याच्या निम्मे दोन सेंटिमीटर, म्हणजे पट्टीचा सहावा भाग, हे तिलाच मोजू द्या, आणि मग बेरजेची दोन उदाहरणे व गुणाकाराची दोन उदाहरणे आलटून पालटून द्या. आठवडाभरात ती न सांगता दोन्ही वेगळी ओळखू लागली नाही, तर चिठ्ठीत मागितलेल्या त्या दहा मिनिटांच्या चाचणीच्या वेळी ती वही शिक्षिकांना दाखवा, चुकीच्या उत्तरांसह, काहीही न खोडता.

तुमची,
बाई